चौकटी कंसातली ग्रंथपालबाई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं प्रकरण काल रात्री वाचून संपवलं. ग्रंथालय बंद पडण्याची हकिगत तू चांगली लावली आहेस, त्यावर स्वतंत्र लिहीन. आज एकाच परिच्छेदाबद्दल लिहितो, कारण तिथे मी अडखळलो आणि मग सबंध प्रकरणातले चौकटी कंस मोजत बसलो. सत्तेचाळीस भरले. काही अगदी योग्य आहेत, पण या परिच्छेदात बाईंनी जे म्हटलेलं नाही ते त्यांच्या तोंडी गेलं आहे, आणि तेही अवतरणचिन्हांच्या आत.

तू सोबत मुलाखतीचा उतारा जोडलास हे बरं केलंस. त्यात बाई म्हणतात:

"मी त्या वर्षी पुस्तकांची यादी केली. आपण चुकलो होतो, हे मला यादी करताना कळलं. पण तेव्हा मी कुणाला बोलले नाही, कारण मला वाटलं, कदाचित नोंदवहीच अपुरी असेल."

आणि तुझ्या प्रकरणात हे असं आलं आहे:

ग्रंथपालबाईंच्या मते "[व्यवस्थापन] चुकल[े] होत[े], हे [त्यांना] यादी करताना कळलं", तरीही त्या "कुणाला बोल[ल्या] नाही[त]", कारण "नोंदवहीच अपुरी [होती]".

एका वाक्यात सात कंस. तुझा हेतू मला कळतो. बाई "मी" म्हणतात, तुझं वाक्य "त्या" म्हणतं, दोन्हींचा सांधा जुळायला हवा. चौकटी कंस त्यासाठीच असतो. अवतरणाच्या आत जे काही माझं आहे, बोलणाऱ्याचं नाही, ते या कंसात येतं, आणि वाचकाला कळतं की इथे लेखकाचा हात फिरला आहे. म्हणून गोल कंस चालत नाहीत, कारण ते मूळ मजकुरातलेच असू शकतात. (तुझ्या उताऱ्यात बाईंच्या बोलण्यामध्ये "(हसत)" आहे. ते तू लिहिलंस, बाई काही "हसत" असं म्हणाल्या नाहीत. तिथेही चौकटी कंसच हवा.)

आता सात कंसांतला एकेक बघू. सगळे सारखे नाहीत.

सगळ्यात सोपा "[त्यांना]". मुळात "मला" आहे, तू "त्यांना" केलंस, आणि क्रियापद "कळलं" जागचं हललं नाही. "मला कळलं, वाटलं, आवडलं" अशा रचनेत क्रियापद माणसाकडे बघतच नाही, त्यामुळे एक शब्द बदलला की काम झालं. "मी त्या वर्षी पुस्तकांची यादी केली" हे वाक्य घेतलं असतंस तरी असंच झालं असतं: "[त्यांनी] त्या वर्षी पुस्तकांची यादी केली". इथे "केली" यादीशी जुळतं, बाईंशी नाही. शाळेत कर्मणी प्रयोग घोकला तेव्हा त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं! एक मात्र लक्षात ठेव. मराठीत "मी" दोन्हीकडे चालतं, मी गेले आणि मी केलं. तृतीय पुरुषात आलं की "त्या" की "त्यांनी" हे तुलाच ठरवावं लागतं, आणि ते क्रियापद बघूनच ठरतं.

"मी कुणाला बोलले नाही" मध्ये मात्र क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. "मी" चं "त्या" झालं की "बोलले" चं "बोलल्या" आणि "नाही" चं "नाहीत" होणारच. एका शब्दासाठी हात घातला आणि तीन शब्द हलले. तुझे कंस व्याकरणाने बरोबर आहेत, पण "बोल[ल्या] नाही[त]" वाचताना डोळा दोनदा ठेचकाळतो, आणि मिळतं काय? "कुणाला बोलले नाही" यात बाईंचा असा कोणताही खास शब्द नाही, जो जपायलाच हवा. त्या गप्प राहिल्या, एवढंच. हे तुझ्या शब्दांत लिही, अवतरणचिन्हं काढून टाक.

"चुकल[े] होत[े]" हे तर पडद्यावरच मोडलं आहे. नुसती मात्रा कंसात टाकली की तिला चढायला अक्षर उरत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तिच्याजागी एक ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. रोमन लिपीत शब्दाचं शेपूट कंसात ठेवता येतं, कारण तिथे प्रत्येक अक्षर सुटं उभं असतं. तिथली निम्मी कटकट पहिलं अक्षर मोठं की लहान याची असते, ती आपल्याला नाही, पण मात्रेची आहे. "नाही[त]" चालतं, कारण "त" पूर्ण अक्षर आहे. "घर" चं "घरात" करायचं असेल तर "घर[ात]" करू नकोस, सबंध "[घरात]" लिही. प्रत्यय लागताना शब्दाचं रूपच बदलत असेल, जसं "शाळा" चं "शाळेत", तर अर्धा शब्द मूळचा आणि अर्धा माझा असा हिशेब करण्यात अर्थ नाही. आख्खा शब्द कंसात.

इथवरचं व्याकरण झालं. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

"आपण चुकलो होतो" याचं तू "[व्यवस्थापन] चुकल[े] होत[े]" केलंस. व्याकरण जमलं, पण माणसं बदलली. "आपण" हा शब्द कंसात घालून पुसायला मराठीतला सगळ्यात धोक्याचा शब्द असेल. बाई "आम्ही" म्हणाल्या असत्या तर ऐकणारा त्यात नाही हे उघड होतं. "आपण" मध्ये ऐकणारा येऊ शकतो, म्हणजे तूही, तिथला जुना वाचक म्हणून. किंवा त्या स्वतःशीच बोलत असतील: आपण चुकलो, म्हणजे मीच चुकले. किंवा ग्रंथालयातली सगळी मंडळी, बाई धरून. या तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे: बाई स्वतःला चुकीत धरतात. तू लिहिलेल्या वाक्यात त्या चुकीतून बाहेर पडल्या आणि व्यवस्थापनाकडे बोट दाखवणाऱ्या झाल्या. कबुलीचा आरोप झाला. वाचकाला कंस दिसतो खरा, पण तो काय समजतो? मूळात "ते" किंवा "ती मंडळी" असेल, लेखकाने सोयीसाठी नाव घातलं. कंसाखाली "आपण" गाडलं गेलं आहे अशी शंका कुणालाच येणार नाही.

म्हणून सर्वनामाच्या जागी नाम घालण्याऐवजी ते सर्वनामाच्या शेजारी ठेवावं, असं माझं मत. "आपण [ग्रंथालयातले सगळे] चुकलो होतो". बाईंचा शब्द शाबूत, तुझा खुलासा शेजारी, आणि खुलासा चुकला तरी वाचकाच्या हातात मूळ शब्द राहतो. खुलासा नक्की काय हे मात्र उताऱ्यात नाही. त्याआधी तू कोणता प्रश्न विचारला होतास त्यावर ते ठरेल.

शेवटचा कंस, "[होती]", दिसायला सगळ्यात निरुपद्रवी. बाई म्हणाल्या, "कदाचित नोंदवहीच अपुरी असेल". तू "असेल" चं "होती" केलंस, कारण तुझं वाक्य भूतकाळात आहे, आणि अवतरण एक शब्द उशिरा सुरू करून "कदाचित" गाळलास. पण "असेल" इथे भविष्यकाळ सांगतच नाही, तो अंदाज सांगतो. काळ जुळवताना शंका गेली आणि खात्री आली. पुढच्याच पानावर तू नोंदवही अपुरी असल्याचा पुरावा म्हणून हेच वाक्य वापरलं आहेस, म्हणजे आता बाईंच्या शंकेवर तुझा मुद्दा उभा आहे. "असेल", "असावं", "असणार", "म्हणे", "वाटतं" हे शब्द काळासाठी कंसात घेऊ नयेतच. गाळायचे असतील तर आतून गाळताना [...] असं दाखव. (नुसती तीन टिंबं उताऱ्यात बाईंच्या थांबण्यासाठी वापरली आहेस, त्यामुळे तुझी गाळणी कंसात असलेली बरी.) पण इथे तर तू आरंभच पुढे ढकलला, तिथे कोणतंच चिन्ह तुला वाचवत नाही.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतो आहे असं समजू नकोस. मी स्वतः एकदा कुणाच्या लेखातलं "आम्ही" हे "[लेखक]" करून मोकळा झालो होतो. मुळात ते लेखक आणि त्याची बहीण असे दोघं होते. बहिणीचं पत्र आलं तेव्हा कळलं.

मग करायचं काय? मला वाटतं, आपल्या भाषेत कंसाची गरज इतर काही भाषांपेक्षा मुळातच कमी पडते. "त्या म्हणाल्या, की मी कुणाला बोलले नाही" हे मराठीत सरळ चालतं, "मी" तसंच ठेवून, आणि वाचकाला कोण "मी" याचा घोळ होत नाही. किंवा अवतरण पुरं करून पुढे "असं त्या सांगतात" जोडलं की झालं. बोलणाऱ्याचा शब्द वाकवण्याआधी स्वतःचं वाक्य वाकवून बघ, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. कंस तेव्हाच, जेव्हा अवतरणाचा तुकडा तुझ्याच वाक्याचा अवयव होणार असेल आणि एखाद्या शब्दानेच अडलं असेल. एका वाक्यात दोनपेक्षा जास्त कंस झाले तर मी अवतरण सोडून स्वतःच्या शब्दांत सांगतो.

तुझं वाक्य मी असं लिहून पाहिलं:

"आपण चुकलो होतो, हे मला यादी करताना कळलं," असं बाई सांगतात. मात्र "कदाचित नोंदवहीच अपुरी असेल" असं वाटल्यामुळे त्या तेव्हा गप्प राहिल्या.

कंस एकही नाही. "वर्ष कोणतं" हे सांगायचं असेल तर तिथे एक लागेल: "[त्यांनी] त्या वर्षी पुस्तकांची यादी केली". आणि "त्या वर्षी" म्हणजे कधी हे तुला नक्की माहीत असेल तर "त्या वर्षी" तसंच ठेवून शेजारी साल कंसात दे.

लिहून झालं की दोन गोष्टी कर. अवतरणचिन्हं आणि कंस आहेत हे विसरून वाक्य मोठ्याने वाच. अडखळलास तर व्याकरणाचा सांधा नीट बसलेला नाही. मग मूळ उतारा उघडून, त्या वाक्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक वाक्य धरून, तुझं वाक्य बाईंसमोर वाचतो आहेस असं समज. "असं मी म्हटलं नव्हतं" हे त्या कुठे म्हणतील, ती जागा तुला लगेच दिसेल. बहुतेक वेळा पहिली चाचणी पास झालेलं वाक्यच दुसरीत अडकतं, कारण व्याकरण इतकं छान जुळलेलं असतं की शंका येत नाही.

अजून एक, किरकोळ. बाई "कळलं", "वाटलं" बोलतात. दुसऱ्या एका पानावर तू ते "कळले", "वाटले" केलं आहेस, कंसाशिवाय. ग्रांथिक रूप द्यायचं तर प्रकरणाच्या सुरुवातीला एकदा तसं सांग आणि सगळीकडे दे. मला विचारशील तर बाईंचं बोलणं आहे तसं राहू दे.

उरलेल्या चाळीस कंसांपैकी अकराच्या पुढे मी पेन्सिलीने खूण केली आहे, हस्तलिखित उद्या पाठवतो. तोवर ध्वनिमुद्रण ऐकून, "आपण चुकलो होतो" च्या आधी तू बाईंना काय विचारलं होतंस, ते कळव.

तुझाच,
जुना मित्र