संत्यास पत्र: नाव न घेता काम सांगायचं कसं

सातपूर, नाशिक
9 नोव्हेंबर 2025, रविवार

प्रिय संत्या,

तुझा रिझ्युमे परवा मिळाला. काल रात्री चहा घेत वाचायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला चहा बाजूला ठेवला. अरे, कस्टमरचं नाव, मॉडेलचं कोडनेम, गाडी कधी बाजारात येणार त्याचा महिना, रिजेक्शनचे आकडे, सगळं एका पानावर! आणि हे तू चार कन्सल्टंटना पाठवणार होतास. बरं झालं, आधी मला पाठवलंस.

आधी एक गोंधळ मिटवू. तू फोनवर म्हणालास, "बाँड मार्चमध्ये संपतोय, मग काय हरकत आहे?" बाँड आणि गोपनीयता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत रे. बाँड म्हणजे इतकी वर्षं राहीन, आधी गेलो तर इतके पैसे भरेन. तो मार्चमध्ये संपेल. गोपनीयतेचं कलम मात्र नोकरी सुटल्यावरही चालू राहतं, किती काळ ते तुझ्या करारातच लिहिलेलं असेल. ते पान काढ आणि तीन गोष्टी बघ: 'गोपनीय माहिती' म्हणजे काय काय धरलंय, अपवाद कोणते (सहसा आधीच जगजाहीर असलेली माहिती वगळलेली असते), आणि मुदत किती.

हा प्रश्न जुनाच आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायर कॉर्डच्या विभागात एक शिफ्ट सुपरवायझर होता. परदेशी कंपनीकडून आलेलं तंत्र तिथे शिकला, पाच वर्षांचा करार होता, तो मधेच सोडून कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत जास्त पगारावर गेला. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला. कराराची मुदत संपेपर्यंत त्याला तेच काम दुसरीकडे करता येणार नव्हतं, आणि तंत्राची गुपितं सांगायलाही बंदी होती. आता यावरून घाबरून जाऊ नकोस. नोकरी सुटल्यानंतर धंदा-नोकरीला मज्जाव करणारी कलमं करार कायद्याच्या कलम 27 मुळे साधारणपणे टिकत नाहीत. पण गुपित फोडणं वेगळं, आणि मुदत चालू असताना सोडणंही वेगळं. यंदा मे महिन्यात विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड न्यायालयाने वैध ठरवला. ती सरकारी बँक होती आणि तिचा भरतीचा खर्चही विचारात घेतला गेला, त्यामुळे तुझ्या कंपनीच्या बाँडलाही तेच लागू होईल असं समजू नकोस. एवढंच धर, की बाँड म्हणजे नुसता कागद नाही.

आता रिझ्युमे. तुझी मूळ ओळ अशी होती (आकडे मी बदललेत, खरे या पत्रातही नकोत): 'अमुक कंपनीच्या तमुक मॉडेलच्या दाराच्या आतल्या पॅनेलच्या टूलचा सायकल टाइम 52 सेकंदांवरून 43 वर आणला, रिजेक्शन 6.8 टक्क्यांवरून 1.9 वर.'

तुला वाटतं, नाव काढलं की झालं. नाही. 43 सेकंद घे. एका शॉटला एक पॅनेल, म्हणजे तासाला 83 नग. त्या टनेजच्या मशीनचा तासाचा दर चाकण-भोसरीत कुणालाही तोंडपाठ असतो. दर भागिले 83, झाला एका नगाचा मोल्डिंगचा खर्च. तुमच्याशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीचा माणूस पुढच्या कोटेशनमध्ये तुमच्यापेक्षा थोडा खाली भाव लावेल, आणि तो भाव तू त्याला रिझ्युमेत लिहून दिलेला असेल. आणि 6.8 टक्के रिजेक्शन? ते कदाचित तुमच्या कस्टमरलाही माहीत नसेल. तो तुझ्या कंपनीचा घरातला आजार आहे.

म्हणून खरा आकडा द्यायचाच नाही, त्याचं प्रमाण द्यायचं. 52 चे 43 म्हणजे साधारण 17 टक्के घट. तू '15 टक्क्यांहून अधिक' लिही. मुद्दाम खाली गोल कर, मुलाखतीत ताणून धरायला जागा राहते. रिजेक्शन 'जवळपास चौथाईवर आलं', एवढं पुरे.

पण प्रमाणातही एक खोच आहे, तिथे बरेच जण फसतात. तू पुढच्या ओळीत लिहिलंस, 'वर्षाला 22 लाखांची बचत, खर्चात 11 टक्के घट.' दोन्ही एकत्र दिल्यास तर वाचणारा 22 ला 0.11 ने भागतो आणि वर्षाचा सगळा खर्च, दोन कोटी, त्याच्या हातात येतो. टक्का दे किंवा रक्कम दे, दोन्ही कधी नाही. मी म्हणेन टक्काच दे. रक्कम टाळता येत नसेल, तर 'लाखांच्या घरात' असं मोघम लिही. खोटंही नाही आणि उघडही नाही.

नावाचंही असंच. 'चाकणची', 'परदेशी', 'महागड्या गाड्या करणारी', 'येत्या वर्षात इलेक्ट्रिक एसयूव्ही आणणारी'. यातला एकेक शब्द निरुपद्रवी आहे, चारही एकत्र आले की कंपनी एकच उरते. नाव न लिहिता नाव लिहिल्यासारखंच. मी असं करतो: वर्णन आपल्याच धंद्यातल्या, पण दुसऱ्या कंपनीतल्या एखाद्या माणसासमोर ठेवल्याची कल्पना करतो. त्याला मिनिटभरात एकच नाव सुचलं, तर एक विशेषण काढायचं, पुन्हा बघायचं. चार-पाच कंपन्या बसतील इथवर ते मोकळं करायचं. तुझ्या बाबतीत 'प्रवासी वाहनांचा एक मोठा उत्पादक' इथे थांब. तारखेचाही मोह नको. 'फेब्रुवारी ते ऑगस्ट' लिहिलंस की गाडी बाजारात येण्याचा काळ उघडा पडतो. त्या कामापुढे फक्त वर्ष टाक. नोकरीच्या तारखा मात्र पूर्ण आणि खऱ्या दे, पडताळणीत त्याच विचारल्या जातात. आणि तुझ्या कंपनीचं नाव लपवू नकोस. ते गुपित नाही, लपवलंस तर उलट शंका येते.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच खाऊन सांगतोय. 2016 साली मी एका ठिकाणी मुलाखतीला गेलो होतो, तुला सांगितलं नव्हतं. रिझ्युमेत कस्टमरचं नाव आणि मॉडेलचं कोडनेम ठळक अक्षरांत होतं, मोठा अभिमान वाटत होता मला. समोरच्या गृहस्थांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हे मॉडेल अजून बाजारात आलेलं नाही. आम्हीही याच कस्टमरला माल देतो. हे लिहायला तुम्हाला परवानगी कोणी दिली?" मला उत्तर सुचेना. पुढची दहा मिनिटं त्यांनी कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. आता मी स्वतः मुलाखती घेतो तेव्हा कळतं त्यांना काय वाटलं असेल: हा आज त्यांचं बोलतोय, उद्या आमचं बोलेल.

मग उरतं काय, असं तू विचारशील. उरतं तुझं खरं काम, आणि तेच तुझ्या रिझ्युमेत नाही! सायकल टाइम कमी झाला कशामुळे? तूच मला मागे सांगितलं होतंस, की कोअरच्या बाजूला रिबच्या मुळाशी उष्णता साठत होती, म्हणून थंड व्हायला वेळ लागत होता आणि बाहेरच्या चकचकीत पृष्ठभागावर सिंक मार्क दिसत होते. तुम्ही कूलिंग लाइन रिबच्या जवळून फिरवली, रिबचं मूळ बारीक केलं. रिब भिंतीच्या जाडीच्या निम्म्यापेक्षा फार जाड नको, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे, ते गुपित नाही. गुपित आहे त्या पॅनेलची नेमकी जाडी, प्लॅस्टिकचा ग्रेड, गेट कुठे ठेवला, टूलची किंमत. अडचण आणि ती सोडवायची पद्धत सांग, मापं सांगू नकोस.

तुझी ओळ मी अशी केली, इंग्रजी तू कर: 'प्रवासी वाहनांच्या एका मोठ्या उत्पादकासाठी आतल्या सजावटीच्या मोठ्या भागाच्या टूलवर काम. रिबच्या मुळाशी साठणारी उष्णता हे सिंक मार्क आणि लांबलेल्या सायकलचं मूळ कारण असल्याचं ट्रायलच्या नोंदींवरून शोधलं. कूलिंग लाइनची आखणी व रिबचा आकार बदलून सायकल टाइम 15 टक्क्यांहून अधिक घटवला, रिजेक्शन जवळपास चौथाईवर आणलं. (ग्राहकाचं नाव करारानुसार दिलेलं नाही.)' कंसातली ती शेवटची ओळ पानावर एकदाच, तळाशी बारीक अक्षरांत टाकलीस तरी चालेल.

चित्रं जोडू नकोस. तू जो स्क्रीनशॉट पाठवलास त्याच्या कोपऱ्यात पार्ट नंबर आहे, तो लगेच उडव. कंपनीच्या लॅपटॉपवरून स्वतःच्या मेलवर ड्रॉइंग पाठवणं तर अजिबात नको, ती नोंद त्यांच्याकडे राहते आणि तीच तुझ्याविरुद्ध पुरावा ठरू शकते, रिझ्युमे लांबच. हातची कला दाखवायचीच असेल, तर घरातला एखादा मग किंवा डब्याचं झाकण माप घेऊन त्याचं टूल तू स्वतः डिझाइन कर. त्यात तुझ्या कंपनीचं किंवा कस्टमरचं काही गुपित नसतं. फाइलचं नावही बदल, तू त्यात कस्टमरचं नाव घातलंयस, आणि फाइलच्या माहितीत काय उरलंय तेही बघून घे.

मुलाखतीत कुणी खोदून विचारेलच, "कस्टमर कोण? टूल केवढ्याला पडलं?" सरळ सांग, "सर, ते करारात येतं, पण टूलची अडचण आणि आम्ही काय केलं ते हवं तेवढं खोलात सांगतो." चांगला माणूस तिथे थांबतो. जो थांबत नाही, ग्रेड आणि दर विचारतच राहतो, त्याला माणूस हवा नसून माहिती हवी आहे, असं समज आणि तिथली ऑफर आली तरी दोनदा विचार कर. बाँडबद्दल विचारलं, तर मुदत आणि नोटीस खरी सांग. नवी कंपनी कधी कधी ती रक्कम भरते, कधी थांबते.

वहिनींना नमस्कार सांग, आईंच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव. दुरुस्त केलेली प्रत शुक्रवारपर्यंत पाठव. दुसऱ्या प्रकल्पाची ओळ मी अजून वाचलेली नाही, पण त्यात तू 'देशातलं पहिलं' असं लिहिलंयस, तेही बहुतेक काढावं लागेल.

तुझा,
मध्या