टाइमशीट समरीतल्या चुकीच्या युटिलायझेशनबद्दल तक्रार

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५
पुणे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : ऑगस्ट २०२५ च्या टाइमशीट समरीत बिलेबल तास आणि युटिलायझेशन चुकीचे दाखवल्याबाबत

महोदय,

आम्ही अकरा जणांची छोटी सल्लागार संस्था चालवतो. कारखान्यांमध्ये ईआरपी बसवून देणं हे आमचं काम. गेली दोन वर्षं आमच्या टाइमशीट तुमच्या सॉफ्टवेअरवर भरल्या जातात आणि दर महिन्याला तुमची प्रोजेक्टवार समरी पाहूनच आम्ही पुढच्या महिन्याची कामं वाटतो. त्या आकड्यांवर विसंबल्यामुळे ऑगस्टनंतर आमच्या एका सहकारी बाईंवर अन्याय झाला आणि एका क्लायंटसमोर आमची मान खाली गेली. तुमच्या सपोर्ट टीमने आमची तक्रार "रिपोर्ट ठरल्याप्रमाणेच चालतो आहे" असं उत्तर देऊन दोनदा बंद केली, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

या ज्येष्ठ सहकारी ऑगस्टमध्ये दोन क्लायंटकडे काम करत होत्या. चाकणच्या कारखान्यासाठी त्यांनी ९० तास बिलेबल आणि ६ तास नॉन-बिलेबल भरले. नाशिकच्या क्लायंटचे ४० तास होते, सगळे बिलेबल. उरलेले १६ तास नव्या मुलांचं प्रशिक्षण आणि एका प्रस्तावाची तयारी यांत गेले आणि ते अंतर्गत कामाखाली भरले. एकूण १५२ तास. ऑगस्टमध्ये सोमवार ते शुक्रवार असे २१ दिवस होते. त्यातून १५ ऑगस्ट आणि २७ तारखेची गणेश चतुर्थी वजा केली की १९ दिवस उरतात आणि रोजच्या आठ तासांनी बरोबर १५२ तास होतात. त्यांनी एकही रजा घेतली नव्हती. म्हणजे १५२ पैकी १३० तास बिलेबल, युटिलायझेशन ८५.५ टक्के. आमच्या धंद्यात इतकं युटिलायझेशन असलेल्या माणसाला आणखी काम द्यायचं नसतं.

तुमच्या समरीत त्यांच्या नावापुढे २५.८ टक्के आलं.

हा आकडा कुठून आला ते शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तुमचा रिपोर्ट सुट्ट्या धरतच नाही. वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांचं कॅलेंडर आम्ही स्वतः भरलं आहे, रजेच्या स्क्रीनवर ते नीट दिसतंही, पण समरी मात्र २१ दिवस गुणिले आठ म्हणजे १६८ तासांनीच भागते. अकरा जणांचे मिळून १७६ तास, म्हणजे एका माणसाच्या महिन्याहून जास्त वेळ, तुमच्या भाजकात आहे आणि प्रत्यक्षात तो कधी नव्हताच. गणपतीला कोकणात गेलेल्या एका सहकाऱ्याची २८ आणि २९ तारखेची मंजूर रजासुद्धा त्यातून वजा झाली नाही. उलट ते १६ तास त्याच्या नॉन-बिलेबल रकान्यात जाऊन बसले, जणू काही तो दोन दिवस ऑफिसात रिकामा बसला होता.

याहून मोठी चूक पुढे आहे. १६८ हा पूर्ण महिन्याचा भाजक तुम्ही त्यांच्या प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्रपणे लावता. म्हणून चाकणच्या ओळीत ५३.६ टक्के, नाशिकच्या ओळीत २३.८ आणि अंतर्गत कामाच्या ओळीत शून्य. शेवटी या तीन ओळींची सरासरी काढता, तेच ते २५.८. एकाच माणसाचा महिना तीनदा मोजायचा आणि मग तिनाने भागायचं, याला काय म्हणावं? भाजक एकच असेल तर टक्क्यांची सरासरी नव्हे, बेरीज करायची असते. १५२ ने भागलं तर चाकणचे ५९.२ आणि नाशिकचे २६.३ मिळून ८५.५ होतात. ताळा आपोआप बसतो. तुमच्या पद्धतीत माणूस जितक्या जास्त प्रोजेक्टवर काम करेल, तितका तो कागदावर रिकामा दिसतो. एकाच क्लायंटकडे महिनाभर असलेल्यांचे आकडे फारसे बिघडत नाहीत, म्हणून ही चूक इतके दिवस लक्षात आली नाही.

२५.८ टक्के पाहून आमच्या भागीदारांनी त्यांना सप्टेंबरमध्ये कोल्हापूरचं तिसरं काम दिलं आणि वर लेखी खुलासाही मागितला. तीन आठवडे शनिवार-रविवार काम केल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी स्वतःची वही उघडून समोर ठेवली. रोजचे तास पेन्सिलीने लिहिलेले, प्रत्येक पानाखाली बेरीज. २२ ऑगस्टला नाशिकहून रात्री साडेदहाला परतल्याची नोंद होती आणि प्रवासाचे तास त्यांनी प्रामाणिकपणे सोडून दिले होते. त्यांची माफी आम्ही मागितली. ती वेळ आमच्यावर कशामुळे आली, हे तुम्हाला कळायला हवं.

दुसरा प्रकार चाकणच्याच प्रोजेक्टचा. ते ६ नॉन-बिलेबल तास सुरुवातीच्या स्टॉकचा डेटा पुन्हा चढवण्यात गेले होते. चूक आमची होती, म्हणून बिल लावलं नाही आणि ऑगस्टचा इन्व्हॉइस ९० तासांचा गेला. सप्टेंबरपासून डेटाचं पुढचं काम बिलेबल धरायला क्लायंट तयार झाला, म्हणून त्या टास्कचं सेटिंग आम्ही बदललं. त्याबरोबर ऑगस्टचे अप्रूव्ह झालेले ६ तासही मागच्या मागे बिलेबल झाले. क्लायंटच्या लॉगिनवर ऑगस्टचे ९६ तास दिसू लागले. त्यांच्या अकाउंट्समधून फोन आला, "मॅडम, उरलेले सहा तास पुढच्या बिलात घुसवणार आहात का?" चार वर्षांच्या संबंधात असा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. भाजकातून सुट्ट्या आणि मंजूर रजा वजा व्हाव्यात आणि रजेचे तास नॉन-बिलेबलमध्ये न धरता वेगळ्या रकान्यात दिसावेत. माणसाचं युटिलायझेशन त्याच्या एकूण बिलेबल तासांवरून एकदाच काढावं. प्रोजेक्टच्या ओळीत त्या प्रोजेक्टवरच्या तासांपैकी किती बिलेबल, एवढंच प्रमाण द्यावं आणि त्याला युटिलायझेशन म्हणू नये. चाकणसाठी ते ९६ पैकी ९०, म्हणजे ९३.८ टक्के होतं. हे दोन वेगळे आकडे आहेत आणि आम्हाला दोन्ही लागतात. टास्कचं सेटिंग बदललं तर ते कोणत्या तारखेपासून लागू, हे विचारलं जावं आणि अप्रूव्ह झालेल्या महिन्याला हात लागू नये. तोपर्यंत समरीतला सरासरीचा रकाना बंद ठेवा, चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामी जागा परवडली.

ऑगस्टच्या समरीची प्रत, त्या सहकाऱ्यांची टाइमशीट आणि माझी आकडेमोड सोबत जोडली आहे. एप्रिलपासूनच्या सगळ्या महिन्यांचे दुरुस्त आकडे आम्हाला २१ ऑक्टोबरपर्यंत लेखी हवेत, कारण सहामाही मूल्यमापन त्यावर अडलं आहे. आमचं वार्षिक सबस्क्रिप्शन नोव्हेंबरअखेर संपतं. वरील दुरुस्त्या त्याआधी झाल्या नाहीत तर आम्ही ते वाढवणार नाही. तसं झाल्यास दोन वर्षांच्या सर्व नोंदी, मूळ बिलेबल खुणांसह, आम्हाला काढून द्याव्यात.

आपली,
संचालक भागीदार
(ग्राहक संस्थेच्या वतीने)