हजार रुपयांची वीज किती दिवसांची? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

माननीय ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

सर्वसामान्य घरगुती ग्राहकांवर प्रीपेड मीटर लादले जाणार नाहीत, असे राज्य सरकारने जून 2024 मध्ये जाहीर केले, त्याबद्दल मी आभारी आहे. तरीही स्मार्ट मीटर घरोघरी बसत आहेत आणि हेच मीटर पुढे प्रीपेड पद्धतीनेही चालवता येतात. म्हणून कोणत्याही घराला हा पर्याय देण्यापूर्वी एका गोष्टीचा निकाल लागावा, अशी माझी विनंती आहे. भरलेल्या रकमेत किती युनिट मिळणार आणि ती रक्कम किती दिवस पुरणार, हे ग्राहकाला कोणत्या हिशेबाने सांगितले जाईल?

मी गेली काही वर्षे आमच्या वसाहतीतल्या शेजाऱ्यांची वीजबिले तपासून देतो. माझी मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात भाड्याच्या घरात राहते आणि तिथे प्रीपेड मीटर आहे. एकदा महिन्याच्या सुरुवातीला भरलेले पैसे जितके दिवस पुरले, त्यापेक्षा तेवढेच पैसे विसाव्या तारखेनंतर भरल्यावर फारच कमी दिवस पुरले. मीटर पळतो आहे, अशी तिची खात्रीच झाली होती. मी तिला रोज रात्री नऊ वाजता मीटरच्या पडद्यावरचा एकूण युनिटचा आकडा वहीत लिहायला सांगितले. आठ दिवसांच्या नोंदी पाहिल्या, तर रोजचे युनिट जवळपास सारखेच होते. वाढली होती ती प्रत्येक युनिटमागे कापली जाणारी रक्कम. महिन्याचे युनिट ठरावीक आकड्यापुढे गेले की पुढच्या युनिटना चढा दर लागतो, त्याला टप्पा म्हणतात. मीटरचा दोष आणि टप्प्याचा परिणाम वेगळा ओळखायची ही साधी खूण आहे. युनिट स्थिर राहून रुपये वाढले तर दर बदललेला असतो, आणि युनिटच वाढले तर घरातला वापर किंवा मीटर तपासावा लागतो.

आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात. हे दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत असल्याने मी इथे हिशेबापुरते गोल आकडे धरतो: पहिल्या 100 युनिटना वहन आकारासह 6 रुपये, पुढच्या 200 युनिटना 12 रुपये, आणि स्थिर आकार महिन्याला 150 म्हणजे दिवसाला 5 रुपये. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क लागते. म्हणजे पहिल्या टप्प्यातले युनिट 6.96 रुपयांना, दुसऱ्यातले 13.92 रुपयांना पडते, आणि दिवा लावा अथवा न लावा, दिवसाला 5.80 रुपये जातातच. इंधन समायोजन आकार मी सोडून दिला आहे. तो लागला तर दिवस आणखी घटतील.

आता एक घर घेऊ, जिथे रोज 6 युनिट लागतात. त्यांनी एक तारखेला 1000 रुपये भरले. पहिल्या टप्प्यात दिवसाचा खर्च 47.56 रुपये येतो. सोळाव्या दिवसाअखेर 96 युनिट वापरून होतात आणि शिल्लक राहते 239.04 रुपये. सतराव्या दिवशी चार युनिट जुन्या दराने आणि दोन नव्या दराने लागतात, म्हणून त्या दिवशी 61.48 रुपये जातात. अठराव्या दिवसापासून रोजचा खर्च 89.32 रुपये होतो, आणि एकोणिसाव्या दिवशी रात्री दिवस संपता संपता, एका रुपयाच्या फरकाने, पैसे संपतात. त्याच रात्री या घराने पुन्हा 1000 रुपये भरले, तर महिन्याचे उरलेले 11 दिवस निघतात आणि हाती 16.40 रुपये राहतात. पहिल्या हजारात जवळपास 114 युनिट मिळाले, दुसऱ्या हजारात मोजून 66. म्हणूनच ‘हजार रुपयांत इतके युनिट’ असे एक ठरीव उत्तर देता येत नाही. आपण महिन्याच्या कोणत्या युनिटवर उभे आहोत, यावर ते ठरते.

माझी खरी काळजी सोळाव्या दिवसाच्या संदेशाची आहे. त्या संध्याकाळी एखाद्या यंत्रणेने शिल्लक रकमेला आतापर्यंतच्या सरासरी दैनिक खर्चाने भागले, तर 239.04 भागिले 47.56, म्हणजे ‘पाच दिवस पुरेल’ असे उत्तर येईल. प्रत्यक्षात ती रक्कम तीन दिवसही पुरी पडत नाही. त्या पाच दिवसांवर विसंबून पगाराची वाट पाहणाऱ्या घरात, आजारी माणूस असेल किंवा लेकराचा अभ्यास असेल, आणि रात्री अंधार होईल, तर तो दोष त्या घराचा म्हणता येणार नाही. बरोबर अंदाज करायला अवघड असे काहीच नाही. गेल्या सात दिवसांच्या युनिटची सरासरी घ्यावी, ती चालू टप्प्यात उरलेल्या युनिटमधून वजा करत जावी, टप्पा ओलांडला की पुढचा दर लावावा, एक तारीख आली की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी आणि रोज स्थिर आकार कापत शिल्लक शून्यावर येईपर्यंत मोजावे. घरी पाहुणे आले किंवा वातानुकूलन यंत्र सुरू झाले, तर हा अंदाजही चुकेल, पण मग तो वापर बदलल्यामुळे चुकेल, भागाकार चुकीचा केल्यामुळे नव्हे.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. रक्कम रोज कापायची म्हणून टप्पाही रोजचा करावा, असा मोह यंत्रणेला होऊ शकतो. 100 युनिटना 30 दिवसांनी भागले की दिवसाला 3.33 युनिटचा स्वस्त वाटा येतो. रोज अगदी सारखा वापर असेल तर काहीच फरक पडत नाही. पण समजा, एक आजी पंधरा दिवस गावी गेल्या आणि मागे फक्त फ्रिज चालू राहून रोज 1 युनिट लागले. परतल्यावर नातवंडे आली आणि उरलेले पंधरा दिवस रोज 6 युनिट लागले. महिन्याचे युनिट झाले 105. महिन्याच्या टप्प्याने त्यांचा वीज आकार शुल्कासह 765.60 रुपये होतो. रोजच्या टप्प्याने तोच 1009.20 रुपये होतो, कारण गावी असताना न वापरलेला स्वस्त वाटा दररोज रात्री बुडत गेला. एकही युनिट जास्त न वापरता 243.60 रुपयांचा भुर्दंड! दराचा टप्पा महिन्याचा आहे, त्यामुळे रोजची कपातही महिन्याच्या एकूण युनिटवरच झाली पाहिजे, आणि हे कंपनीच्या संगणकावर न सोडता लेखी आदेशात असले पाहिजे.

आपण संबंधितांना सांगून शिलकीचा संदेश निदान असा करून घ्यावा: ‘शिल्लक 239.04 रु. या महिन्यात 96 युनिट. 4 युनिटनंतर दर 6.96 वरून 13.92 रु. रोजचा स्थिर आकार 5.80 रु. सध्याच्या वापराने 19 तारखेला रक्कम संपेल.’ या पाच वाक्यांत ग्राहकाला स्वतः पडताळता येणार नाही असे काही नाही. जुन्या थकबाकीचा हप्ता शिलकीतून कापला जात असेल, तर त्याची सहावी ओळ असावी. नाहीतर सगळा हिशेब बरोबर करूनही माणसाला ताळा जुळणार नाही.

माझ्या वहीतला तक्ता आणि वरच्या दोन्ही उदाहरणांची रोजची आकडेमोड मी आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. कृपया ती आपल्या अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावी, आणि रोजच्या टप्प्याबाबतचा निर्णय प्रीपेडचा पर्याय खुला होण्याआधी कळवावा.

आपला विश्वासू,
एक वीजग्राहक