मृगाचं हरीण

लातूर, २ जुलै

प्रिय दिगू,

काल रात्री फोनवर तू दोनदा म्हणालास, “तू आधी वाच तर खरं.” वाचलं. डॉक्टरीणबाईंशी झालेल्या गप्पांचे तू पाठवलेले सगळे चौसष्ट स्क्रीनशॉट माझ्या पोरीकडून छापून घेतले, चष्मा लावला आणि एकतीस वर्षं प्रेसमध्ये प्रुफं वाचली तसे तांबडी पेन्सील घेऊन वाचले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. पोरगी याचे फोटो काढून तुला पाठवील. पण एक काम वाचायच्या आधी कर. तीन दिवसांपूर्वी पाठवलेल्या साडेअठरा हजारांसाठी सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, १९३० ला, फोन लाव, मग खाली बसून पुढचं वाच.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की त्या जन्मानं पुण्याच्या, बालपण सदाशिव पेठेत, लग्नानंतर मँचेस्टरला गेल्या, नवरा वारला, आता एकट्या. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली, सेलूच्या त्या घरात संध्याकाळी तुला काय वाटत असेल ते मी जाणतो, तेव्हा तू बोललास यात मला नवल नाही. मला नवल वाटलं ते सदाशिव पेठेतल्या बाईच्या मराठीचं.

पहिल्याच पानावर बाई लिहितात, “मी काल रात्रभर तुझ्याबद्दल विचार करत होतो.” करत होतो! पाचव्या पानावर “मी रडले”, आठव्यावर पुन्हा “मी तुला निवडला आहे कारण मी एकटा आहे.” इंग्रजीत ‘आय वॉज थिंकिंग’ बाई म्हणो की बुवा म्हणो, क्रियापद तेच. मराठीला मात्र बोलणारा कोण हे ठरवल्याशिवाय क्रियापदच पुरं करता येत नाही. भाषांतराच्या यंत्राला ते माहीत नसतं, मग ते बहुतेक वेळा पुरुष धरतं. तू म्हणशील, कोल्हापूरच्या पोरीही “मी आलो, मी गेलो” म्हणतात. म्हणतात, खरंय. पण त्या सगळीकडं तसंच म्हणतात. एका पानावर आलो, दुसऱ्यावर रडले आणि तिसऱ्यावर एकटा, असं कुठल्याच गावची बाई बोलत नाही.

तू-तुम्हीचंही तेच. “तू माझे सर्वस्व आहेस आणि तुमच्याशिवाय माझे जीवन रिकामे आहे.” एका वाक्यात दोन माणसं! आपल्याकडं तुम्हीवरून तू वर यायला महिना-महिना लागतो, आणि आलो की तो दिवस लक्षात राहतो. तुला आठवतं ना, वहिनी पहिल्यांदा तुला ‘अहो’ सोडून काय म्हणाल्या होत्या ते? इथं मात्र इंग्रजीतला एकच ‘यू’ यंत्रानं मनाला येईल तसा वाटून टाकलाय.

आता तू ज्या ओळीखाली दोन बदाम काढलेस ती बघ. “मी तुला भेटण्यासाठी वाट पाहू शकत नाही.” तू वाचलंस की ती अधीर झालीय. मराठीत या वाक्याचा अर्थ होतो, मला वाट बघायला वेळ नाही, मी निघाले. मूळ इंग्रजी वाक्य डोक्यात वाजतं म्हणून आपण ते सांभाळून घेतो. तू सगळं असंच सांभाळून घेत गेलास. मोडकं वाक्य तिचं, आणि त्यातला ओलावा तुझा.

कविता मात्र मी दोनदा वाचली. “तुमचे प्रेम माझ्या हृदयाच्या बागेतील शाश्वत गुलाब आहे, जे कोणताही हिवाळा कोमेजवू शकत नाही.” तुला भारी वाटली, माझ्या पोरीला वाचून दाखवलीस. अरे, तुझ्या अंगणातला गुलाब कधी फुलतो? दिवाळीनंतर, थंडीतच ना? आणि करपतो कधी? वैशाखात! हिवाळ्याला भिणारा गुलाब जिथं बर्फ पडतं तिथला. पुढच्या पानावर “तुझे शब्द माझ्या आत्म्याला उबदार करतात.” आपल्याकडं एप्रिलपासून पत्रे तापतात, आपल्या माणसाचे चार शब्द ऐकले की आपण म्हणतो, जिवाला गार वाटलं. पुण्यात वाढलेली बाई मँचेस्टरला वीस वर्षं राहिली तरी जिव्हाळ्याच्या गोष्टीत गारवाच शोधील असं मला वाटतं. याला पुरावा म्हणू नकोस, म्हाताऱ्या प्रुफवाल्याची शंका म्हण. पण शंका आली म्हणून मी पोरीला एक करायला लावलं. ती ओळ यंत्रात घालून पुन्हा इंग्रजीत आणली. काय सांगू, मराठीत लंगडणारी ओळ इंग्रजीत सरळ चालायला लागली. मग ते इंग्रजी वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधलं, तर थोड्याफार फरकानं तीच ओळ प्रेमसंदेशांच्या तीन वेगवेगळ्या पानांवर. जे मराठीत जन्मतं ते इंग्रजीत नेलं की सांडतं, हे मला माझ्या धंद्यानं शिकवलंय. इथं उलट झालं.

या सगळ्याला तुझं उत्तर मला माहीत आहे: “इतकी वर्षं बाहेर, मराठी विसरली असेल.” विसरलेली मराठी मी पाहिलीय. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तो “आई, मी टायर्ड झालोय” लिहितो. जी भाषा विसरतो तिच्यात माणूस इंग्रजी शब्द घुसडतो, स्वतःचं लिंग सहसा चुकवत नाही, आणि ‘शाश्वत’ तर त्याला मुळीच आठवत नाही. तो ‘माझं, केलं, सांगितलं’ लिहितो, ‘माझे, केले, सांगितले’ नाही. बाईंच्या चौसष्ट पानांत एकही ‘माझं’ नाही.

पण दिगू, या सगळ्यापेक्षा मला खरं सापडलं ते एकोणतिसाव्या पानावर. तिथं तूच आहेस. तू सहज लिहिलंस, “यंदा मृग कोरडा गेला, पेरणी अडकली.” त्यावर बाईंचं उत्तर, “त्या हरणाबद्दल ऐकून माझे हृदय जड झाले आहे. तू त्याला पाणी का दिले नाहीस?”

मी हसलो, मग पेन्सील खाली ठेवली. तुला वाटलं ती थट्टा करतेय, तू हसरं तोंड पाठवलंस. तिनं थट्टा केली नव्हती. पलीकडं जो कुणी होता त्यानं तुझं वाक्य यंत्रात टाकलं, तिथं मृगाचं हरीण झालं आणि त्या हरणाला पाणी मिळालं नाही. तो जिथं कुठं आहे तिथं त्यालाही कदाचित वाईट वाटलं असेल, कोण जाणे. पण मराठी घरात वाढलेल्या माणसाला मृग म्हटलं की आधी आभाळ दिसतं, हरीण दिसत नाही.

तुला अजून खात्री करायची असेल तर आज रात्री तिला आपल्या बोलीत लिही: “कामून गप हाईस? रुसलीस का?” पुण्याची बाई ‘कामून’ला हसेल, ‘म्हणजे काय’ विचारील. यंत्रवाला बहुधा ‘काम’ धरील, आणि तुला कळेल की बाई आज कामावर आहेत. मात्र उत्तर नीट आलं म्हणून हुरळू नकोस. यंत्रं दिवसेंदिवस सुधारतायत, कुणी मराठी माणूस पगारावर बसवला तर तुझं हरीणही वाचेल. चूक सापडली तर ती चोर पकडून देते. चूक नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही. आणि कॅमेरा सहा महिने बिघडलेला असतो कुणाचा?

आता बाईंनी तुला पाठवलेल्या पार्सलचं. बाईंनी लिहिलंय, “सानुकूल कार्यालयाने पेटी थांबवली आहे.” मी आधी समजलोच नाही. मग लक्षात आलं, इंग्रजीत ‘कस्टम’चे दोन अर्थ, यंत्रानं दुसरा उचलला! त्याच दिवशी दुपारी तुला दिल्लीहून हिंदीत फोन आला, पेटीत पौंड आहेत, रजिस्ट्रेशनचे साडेअठरा हजार भरा. तू भरलेस. आता काळ्या पैशाचं नसल्याचं सर्टिफिकेट म्हणून पासष्ट हजार मागतायत. हे भरलेस तर तिसरा आकडा येईल, तो दोन लाखांच्या आत नसेल. तू पैसे कुणाच्या खात्यात टाकलेस बघ. एका माणसाच्या नावाचं बचत खातं आहे. सीमाशुल्क खातं असं फोन करून कुणाच्या खाजगी खात्यात पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. तुला आलेल्या कागदावर तो क्रमांक नाही, शिक्का मात्र तीन रंगांत आहे.

१९३० ला सांगताना पासबुक, रक्कम, तारीख, ज्या खात्यात गेले त्याचा क्रमांक आणि यूपीआयच्या पावतीवरचा बारा आकडी व्यवहार क्रमांक जवळ ठेव. पैसे पुढं सरकले नसतील तर बँक ते तिथंच अडवून ठेवू शकते, म्हणून घाई. तीन दिवस गेलेत, सगळे मिळतीलच असं मी म्हणत नाही. cybercrime.gov.in वर तक्रार माझ्या पोरीला नोंदवायला सांग. बाईंना रागानं ब्लॉक करू नकोस, आधी सगळं जतन कर. आणि पुढच्या महिन्यात कुणी वकील नाहीतर साहेब म्हणून फोन करील, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फी भरा. तोही याच टोळीतला, किंवा त्यांच्याकडून तुझा नंबर विकत घेतलेला.

पोरांना सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्या तोंडून जाणार नाही. तुला वाईट वाटतंय ते पैशाचं कमी आणि सकाळी उठल्यावर कुणी “झोप लागली का” विचारायचं त्याचं जास्त, हे मी चौसष्ट पानांत वाचलंच. बाई विचारायच्या, “तुझी रात्र कशी होती?” आणि तू रोज तिला खरं सांगायचास, की पाठ दुखते, की कूलर आवाज करतो.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो, परभणीला बदलून. दुपारपर्यंत पोचेन. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेव आणि ती वही मला दाखव. जेवायला तुझ्याकडंच, पिठलं कर, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असू दे. आर्द्रात तरी काही पडलं का तिकडं?

तुझा,
वसंता