हीटरचा वास आणि भिंतीचा वास

सांगली,
४ जानेवारी

प्रिय ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतास आणि इकडे बाबांचं ‘हॅलो, हॅलो’ चाललं होतं, म्हणून म्हटलं सगळं सावकाश लिहूनच काढावं. पत्र पोचेपर्यंत हीटर लावू नकोस, हे फोनवर सांगितलं आहेच. दिल्लीच्या थंडीत ते सोपं नाही हे कळतं मला, पण दोन रजया घे.

तू तीन दिवसांचं एका दमात सांगितलंस. पहिल्या दिवशी हीटर लावल्यावर धूर निघाला, जळकट वास आला, तू घाबरून बंद केलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलास तेव्हा वास कमी होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा वास आला, ‘पण आई, हा जरा मासळीसारखा होता. नवीन आहे ना, जाईल दोन-चार दिवसांत.’ अरे, तू घाबरलास तो वास साधा होता, आणि ज्याला ‘जाईल’ म्हणालास तो वाईट.

आधी पहिल्या दिवसाचं. हीटरमधली कॉईल नायक्रोमच्या तारेची असते. तार ओढताना, गुंडाळताना तिला कारखान्यातलं तेल लागतं, हाताळणाऱ्यांच्या बोटांचा चिकटपणा लागतो, खोक्यातली धूळ बसते. तुझ्यासारख्या ब्लोअर हीटरमध्ये तार बहुधा अभ्रकाच्या पट्ट्यांवर ताणलेली असते, आणि अभ्रकाचे पापुद्रे एकमेकांना चिकटवायला जे रेझिन वापरतात तेही पहिल्या तापण्यात थोडं जळतं. हे सगळं मिळून पातळ, पांढुरका-निळसर धूर येतो. आपल्या दुकानात वाइंडिंग केलेली मोटर वार्निश लावून भट्टीत ठेवली की पहिल्यांदा वास येतोच ना, तसंच हे. दहा-पंधरा मिनिटांत त्याचा जोर उतरायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी तो नावापुरता उरायला हवा. तुझ्याकडे तसंच झालं. तू बंद केलास म्हणून ते काम दोन हप्त्यांत झालं, एवढंच. खरं म्हणजे पहिल्याच दिवशी खिडकी उघडून, पडदा-गादी लांब सारून, पुऱ्या दोन हजार वॅटवर अर्धा तास चालू ठेवायचा आणि तिथंच बसून राहायचं. खोलीतल्या त्या दम्याच्या मुलाला तेवढा वेळ बाहेर पाठवायचं. पुढच्या नोव्हेंबरात हीटर माळ्यावरून काढशील तेव्हा धुळीचा असाच वास पुन्हा येईल, तेव्हा मला फोन करू नकोस.

आता मासळीचा वास. खोलीत मासळी नसताना तो आला तर तो बहुधा भिंतीवरच्या बोर्डातून येतो. स्विच-सॉकेटचं पांढरं प्लास्टिक पुष्कळदा युरियापासून बनवलेलं असतं, आणि ते तापून करपलं की सडक्या मासळीसारखा किंवा लघवीसारखा वास सोडतं. वायरीवरचं पीव्हीसी जळतं तेव्हा वास वेगळा, नाकात झणझणणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. तीस वर्षं दुकानात काढल्यावर मला मोटर न उघडता वासावरून सांगता येतं की वार्निश जळलं की वायर. तुला तेवढं नको. तू एवढंच बघ, की वास हीटरच्या तोंडाशी जास्त येतो की भिंतीशी. आणि दिवसागणिक कमी होतो की टिकून राहतो, वाढतो.

मग मी विचारलं, हीटरचा प्लग टॉप कुठं लावलायस? तू म्हणालास, टेबलाशेजारच्या बोर्डावर, पिना जाड होत्या म्हणून बाजारातून कन्व्हर्टर आणला. तिथंच गोम आहे. त्या जाड पिना उगाच दिलेल्या नाहीत. दोन हजार वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. टेबलाशेजारचा पॉइंट सहा अँपिअरचा, मोबाइल आणि टेबलफॅनसाठी. त्याच्या आतल्या पितळी पट्ट्या पिनांना चिमट्यासारख्या धरतात. तुझ्या आधी त्या खोलीत किती पोरांनी इस्त्र्या घुसवल्या असतील कोण जाणे. चिमटा सैल झालेला असणार. त्यात तुझा कन्व्हर्टर वजनाने खाली लोंबणारा.

सैल जोडात रोध येतो. समज, अर्धाच ओहम. पावणेनऊचा वर्ग करून त्याला अर्ध्याने गुण, अडतीस वॅट येतात. आपला दुकानातला सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचा आहे, आणि तो शिसं-कथील वितळवतो. म्हणजे त्या बोर्डाच्या आत, प्लास्टिकला खेटून, आयर्नपेक्षा जास्त उष्णता तू तासन्‌तास पेटती ठेवलीस.

तू म्हणालास, ‘पण एमसीबी पडला नाही.’ नाहीच पडणार. एमसीबी करंट मर्यादेबाहेर गेला की पडतो. सैल जोडाने करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल असतं आणि इकडे सॉकेट काळं पडत जातं. शिकलेली माणसंसुद्धा इथं फसतात.

आता काय करायचं ते सांगते. बोर्डाचा एमसीबी आधी पाड, मग कन्व्हर्टर उपसून उजेडात बघ. पिन तपकिरी-काळी पडलीय का, मोरपिशी झाक आलीय का, सॉकेटचं भोक पिवळं झालंय का? एवढ्यावर सगळं कळेल. काळी पिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा लावायची नाही. पितळी पट्टी एकदा तापली की तिचा ताण जातो, ती परत कधी घट्ट धरत नाही. घरमालकांना सांग, सॉकेट बदलायचंय, आणि वायरमन आला की त्याला वायरीचं करपलेलं टोक कापून ताजं तांबं काढायला सांग. पुष्कळ जण जुनंच टोक नव्या स्क्रूखाली दाबतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

हीटर मात्र तिथं लावायचाच नाही. न्हाणीघराजवळ गीझरचा सोळा अँपिअरचा पॉइंट आहे म्हणालास. त्याच्यावरून खोलीत एक्स्टेंशन ओढू नकोस. बाजारातल्या एक्स्टेंशन बोर्डांची वायर बहुधा बारीक असते. घरमालकांकडून खोलीतच एक पॉवर पॉइंट काढून घे, खर्च मी देते. तोपर्यंत हजार वॅटच्या बटणावर चालवीन म्हणशील, तर सव्वाचार अँपिअर होतात, घट्ट सॉकेटवर चाललं असतं. पण या सॉकेटवर तेही नको.

नवा पॉइंट झाला की वीस मिनिटं हीटर चालवून बंद कर, टॉप काढ आणि मुठीत धर. कोमट लागला तर ठीक. धरवला नाही किंवा चालू असताना बोर्डातून चरचर ऐकू आली, तर परत मालकांकडे जा. भिंतीतूनच धूर येताना दिसला तर टॉपला हात लावायला जाऊ नकोस, थेट मेन बंद कर. पाणी नाही मारायचं.

आणि मालकीणबाई कोळशाची शेगडी देतील तर नम्रपणे नको म्हण. बंद खोलीत तिचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासच नसतो.

जळका कन्व्हर्टर फेकू नकोस. होळीला येशील तेव्हा घेऊन ये. बाबा दुकानातल्या फळीवर ठेवणार आहेत, गिऱ्हाइकांना दाखवायला.

तुझी,
आई