नजर चुकवली म्हणजे खोटं बोलला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलाखतीला जाणाऱ्या तरुणांसाठी सल्ले आले होते. त्यात एक वाक्य होतं : नजरेला नजर देऊन बोला, नजर चुकवणारा काहीतरी लपवतोय असं समोरच्याला वाटतं. वाटतं हे खरंच आहे. पण ते वाटणं बरोबर असतं का, याबद्दल लेखात अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. सातवीच्या वर्गाचे सहलीचे पैसे माझ्याकडे जमा होत होते, माणशी 220 रुपये. एका मुलाच्या नावापुढे खूण नव्हती. विचारलं तर म्हणाला, "दिलेत बाई." मी म्हटलं, "माझ्याकडे बघून सांग." त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की हा खोटं बोलतोय. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. तेही माझ्याशी बोलताना पूर्ण वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होते. त्यांच्या बाबतीत मला वाटलं, किती अदबीने बोलतात! बापाची झुकलेली नजर अदब आणि लेकाची चोरी, हा न्याय मी त्या पाच मिनिटांत केला आणि त्यात काही चुकतंय हे मला जाणवलंही नाही.

आपण मुलांना वाढवतो कसं ते बघा. मोठ्यांनी रागावल्यावर पोराने रोखून पाहिलं की "वर मान करून बघतोस?" आणि खाली पाहिलं की "नजर का चुकवतोस?" पोराने बघायचं तरी कुठे?

हा समज फक्त आपल्याकडचा नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत 58 देशांतल्या लोकांना विचारलं होतं, की माणूस खोटं बोलतोय हे तुम्ही कशावरून ओळखता. सर्वाधिक आलेलं उत्तर एकच, तो नजर टाळतो. मात्र त्याआधी तीन वर्षं, 2003 मध्ये, मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी खोटेपणाच्या खुणांवरचे शंभरावर प्रयोग एकत्र करून तपासले होते. खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे यांच्या नजर देण्यात एकूण फरक जवळजवळ शून्य निघाला. पकडलं गेल्यास बरंच काही गमवावं लागणार असेल, तर खोटं बोलणारे नजर किंचित कमी देतात. पण तो फरक इतका बारीक, की समोर उभ्या असलेल्या एकट्या माणसाबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही. शिवाय हा समज ज्याला माहीत आहे असा सराईत थापाड्या मुद्दाम डोळ्यांत डोळे घालून बोलेल, हे सांगायला प्रयोग कशाला हवा?

मग नजर वळते ती कशामुळे? एक कारण घरीच बघता येईल. कोणालाही विचारा, तीनशे चोवीसला बाराने भागलं तर किती? उत्तर येण्याआधी डोळे छताकडे किंवा खिडकीकडे जातील. माणसाचा चेहरा वाचणं हे मेंदूला बरंच काम असतं. त्याच वेळी आठवायचं किंवा हिशेब करायचा असला की तो चेहरा बाजूला सारावा लागतो. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना दुसरीकडे बघायला शिकवलं, तर त्यांची उत्तरं सुधारली. हे वाचलं तेव्हा मी निवृत्त झाले होते. "इकडे बघ आणि उत्तर दे" असं मी किती मुलांना दरडावलं असेल, कोण जाणे.

बाकी कारणं तर रोजच दिसतात : लाजाळूपणा, भीती, वरिष्ठांचा धाक. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना दुसऱ्याच्या डोळ्यांत बघणं असह्य होतं. आणि एक कारण आपणच तयार करतो. निरपराध माणसावर संशय घेतला की तो अपमानाने खाली बघतो, आणि त्याचं खाली बघणं हाच आपला पुरावा होतो.

मला त्या मुलाला विचारण्यासारखं बरंच काही होतं. पैसे कधी दिलेस, मधल्या सुट्टीत की शाळा सुटताना? किती नोटा होत्या? शेजारी कोण होतं? याची उत्तरं पडताळता आली असती. मी त्याचे डोळे बघत बसले.

वडिलांनी पुन्हा 220 रुपये भरले. आठ दिवसांनी त्याच आडनावाचा दुसरा मुलगा सहलीचे पैसे घेऊन आला. वही उघडली तर त्याच्या नावापुढे आधीच खूण होती, लाल शाईची, माझ्याच हातची.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड