घसारा एकदाच लावा, दोनदा नाही

संपादक महोदय,

गाडी टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही इतकी मोडली, की विमा कंपनी किती पैसे देणार हे पॉलिसीच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं, तरी क्लेमच्या वेळी तो आकडा बदलू शकतो, म्हणून हे पत्र. मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला जे लिहिलं त्याचाच बराचसा भाग इथे देतेय कारण हा वाद माझा एकटीचा नाहीये, वर्कशॉपमध्ये माझ्यासारखेच दोघं भेटले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, तक्रार अजून चालू आहे.

आधी हिशोब. पॉलिसी रिन्यू केली तेव्हा गाडी 2 वर्षं 10 महिन्यांची होती. त्या दिवशी त्याच मॉडेलची, त्याच व्हेरियंटची, गाडी बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेली विक्री किंमत 9,20,000 रुपये. यात रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स काही धरत नाहीत. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला घसारा, म्हणजे वयामुळे किमतीत धरायची घट, 30 टक्के, म्हणजे 6,44,000 राहिले, आणि हाच आकडा पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी मान्य केलेली गाडीची किंमत, म्हणून छापला. प्रीमियमही त्याच आकड्यावर घेतला, वर्षभराचा, एकदम.

पुढे सात महिन्यांनी घाटात मागून ट्रकने ठोकलं आणि गाडी पुढच्या कठड्यात जाऊन बसली. माणसं वाचली. अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट आलं 5,62,000. नियम असा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला तर ती गाडी टोटल लॉस धरायची, आमच्या बाबतीत ती रेषा 4,83,000 वर येते, त्यामुळे इथपर्यंत नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरचं आणि आमचं काही भांडण नव्हतं.

भांडण झालं ते ऑफर लेटरवर. त्यात लिहिलं होतं, अपघाताच्या दिवशी गाडीचं वय 3 वर्षं 5 महिने, तीन ते चार वर्षांचा घसारा 40 टक्के, म्हणून किंमत 5,52,000. वर एक जोडलेली ओळ, की सेकंड हँड मार्केटमध्ये अशा गाडीला याहूनही कमी मिळतात, तेव्हा हीच रक्कम वाजवी आहे. यातून भंगाराचे, म्हणजे रेकचे, 1,48,000 वजा आणि 1,000 रुपये सक्तीची वजावट, हातात 4,03,000. आयडीव्ही धरून केलं तर 4,95,000 येतात. फरक 92,000 चा, आणि तो कुठून आला ते बघायला गणितज्ञ लागत नाही, 9,20,000 चे दहा टक्के. एकाच गाडीवर एकदा पॉलिसी देताना आणि एकदा पैसे देताना घसारा लावलाय, बाकी काही नाही.

मी फोनवर विचारलं तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अहो ताई, गाडी जुनी होतच राहते ना, तारीख अपघाताचीच धरावी लागते." ऐकायला बरोबर वाटतं. पण पॉलिसीच्या पुस्तिकेत आयडीव्हीच्या टेबलखालीच लिहिलंय की टोटल लॉसच्या क्लेमसाठी आयडीव्ही हीच पूर्ण पॉलिसीच्या काळात बाजारभाव मानली जाईल आणि तिच्यावर पुढे घसारा लागणार नाही. हे वाक्य मी शोधून काढलेलं नाहीये, ते जुन्या मोटर टॅरिफपासून चालत आलंय आणि बहुतेक पॅकेज पॉलिसींमध्ये सापडतं, फक्त अक्षर एवढं बारीक की टेबल संपलं की माणूस पान उलटतो.

यावर कंपनीचं जे लेखी उत्तर आलं ते मात्र नीट वाचण्यासारखं आहे कारण ते सरळ खोटं नाही. ते म्हणतात, पॉलिसीच्या अटींमध्ये लिहिलंय की टोटल लॉसमध्ये कंपनीची जबाबदारी शेड्युलमधल्या, म्हणजे पॉलिसीच्या तपशीलपत्रातल्या, आयडीव्हीतून रेकची किंमत वजा करून येणाऱ्या रकमेपेक्षा "जास्त असणार नाही". म्हणजे ही वरची मर्यादा झाली, तेवढे देऊच असं आम्ही कुठे म्हटलंय? बरोबर, ती अट तशीच आहे. पण ती अट आणि टेबलखालचं वाक्य एकत्र वाचायला लागतात. मर्यादेच्या आत किती द्यायचं हे नुकसान किती यावर ठरणार, नुकसान म्हणजे गाडीचा बाजारभाव, आणि बाजारभाव म्हणजे आयडीव्ही हे तर त्यांनीच आधी मान्य करून ठेवलंय. मग सेकंड हँडवाल्याचं कोटेशन मध्ये घुसायला जागा कुठे राहते? आणि उलटं करून बघा. समजा यावर्षी जुन्या गाड्यांचे भाव वर गेले असते आणि मी सात लाखांचं कोटेशन नेलं असतं, तर मला काय उत्तर मिळालं असतं? आयडीव्हीच्या वर एक रुपया नाही, बरोबर ना. मग खाली यायला मात्र बाजारभाव कसा काय चालतो.

2008 मध्ये सुप्रीम कोर्टानेही अशाच एका केसमध्ये विमा कंपन्यांना सुनावलं होतं की प्रीमियम घेताना गाडीची जी किंमत मान्य केली तीच पैसे द्यायच्या वेळी नाकारणं बरोबर नाही. मी वकील नाही, पण तक्रारीत हे लिहिलंय.

आता दुसरा गोंधळ, आणि यात खूप जण फसतात. घसाऱ्याची टेबलं दोन आहेत. एक गाडीच्या किमतीचं, ज्यातून आयडीव्ही निघते: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, मग 20, 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50. दुसरं पार्टचं: रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग यांना 50 टक्के, फायबरला 30, काचेला शून्य, पत्र्याला गाडीच्या वयानुसार. हे दुसरं टेबल दुरुस्तीच्या क्लेमसाठी आहे. टोटल लॉसच्या रकमेत ते यायचंच नाही. तसंच झिरो डेप नावाचं, पार्टवरचा घसारा कापू नये म्हणून जादा प्रीमियम भरून जे ॲडऑन आपण घेतो ते याच दुसऱ्या टेबलापुरतं, त्यामुळे "माझी झिरो डेप आहे, मला पूर्ण किंमत मिळणार" हा समजही चुकीचा. बिलाएवढी रक्कम हवी तर रिटर्न टू इन्व्हॉइस हे वेगळं ॲडऑन असतं.

हे पार्टचं टेबल एका ठिकाणी मात्र गुपचूप कामाला येतं. माझ्याच एस्टिमेटमध्ये बंपर, डॅशबोर्ड, दोन्ही एअरबॅग, हेडलाइट असं प्लॅस्टिकचं बरंच होतं. त्यावर 50 टक्के कापून कंपनीच्या वाट्याचा खर्च काढला तर तो 4,83,000 च्या खाली आणता येतो आणि मग टोटल लॉस नाहीच, दुरुस्त करून घ्या असं सांगता येतं, उरलेले लाखभर मालकाच्या खिशातून. वर्कशॉपमध्ये भेटलेल्या एका काकांच्या बाबतीत हेच झालं होतं. 75 टक्के मोजताना एस्टिमेट पूर्ण धरायचं की घसारा कापून, यावर वाद घातला जातो, कारण नियमात "पॉलिसीच्या अटींना धरून" असे शब्द आहेत. म्हणून सर्व्हे रिपोर्टची प्रत मागाच, तो मागायचा हक्क आहे, आणि त्यात 75 टक्क्यांचा हिशोब कुठल्या आकड्यावर केलाय ती ओळ शोधा.

रेकच्या किमतीकडेही लक्ष हवं. आपण गाडी ठेवून घेतली तर ती रक्कम आपल्याच पैशातून कापली जाते, म्हणजे बोली जितकी जास्त दाखवली तितका चेक लहान. त्या भावाला खरेदीदार आहे का असं लेखी विचारा. नसेल तर म्हणा, रेक तुम्हीच न्या आणि पूर्ण आयडीव्ही द्या. मी तेच म्हटलं, कारण त्या सांगाड्याला दीड लाख कोण देणार ते मलाही बघायचंय. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात हेही धरून चाला, आणि हप्ते तोपर्यंत थांबत नाहीत.

कंपनीची बाजू जिथे खरी आहे तेही लिहिते. पाच वर्षांवरच्या गाडीला किंवा बंद झालेल्या मॉडेलला टेबल नाही, तिथे आयडीव्ही दोघांच्या संमतीने ठरते. आणि प्रीमियम हजार-दोन हजारांनी कमी व्हावा म्हणून रिन्यू करताना एजंटने आयडीव्ही खाली ओढली आणि आपण हो म्हटलं, किंवा चुकून खालच्या व्हेरियंटची किंमत धरली गेली, तर अपघातानंतर ओरडून फारसं काही होत नाही. ते पॉलिसी हातात आल्या आल्या बघून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी बदल, करून दुरुस्त करायचं असतं. पण छापलेला आकडा बरोबर असताना तोच नाकारणं ही वेगळी गोष्ट आहे.

कंपनीने सोबत डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे पैसे मिळून हिशोब मिटल्याची पावती, पाठवलं होतं, "फुल अँड फायनल" म्हणून सही करा, दोन दिवसांत पैसे जमा. पैशाची गरज कोणाला नसते. पण विमा नियामक आयआरडीएआयच्या 2015 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे की अशी सही केली म्हणून ग्राहकाचा पुढे दाद मागायचा हक्क जात नाही. तरी मी विरोध नोंदवूनच सही करणार असं ईमेलने कळवलं, तर व्हाउचर परत मागवून घेतलं त्यांनी!

आता एक महिना तक्रार अधिकाऱ्याच्या उत्तराची वाट बघायची, उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समनकडे, जायचं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. माझी फाईल तयार आहे: पॉलिसीचं शेड्युल, रिन्यूच्या तारखेची किंमत यादी, सर्व्हे रिपोर्ट, ऑफर लेटर आणि टेबलखालचं ते वाक्य पिवळ्या मार्करने रंगवलेलं.

कंपनीला माझा प्रश्न एकच आहे आणि तो तुमच्या पानावरूनही विचारते. पॉलिसी चालू असताना मधेच दुसऱ्यांदा घसारा लावायची परवानगी कुठल्या कलमात आहे, त्या कलमाचा नंबर लेखी द्या.

आपली,
एक गाडीमालक
(नाव व पत्ता संपादकांकडे)